स्टीअरिंग कमिटीत नऊ जण, पण निर्णय नक्की कोणाचा? (ईआरपी प्रोजेक्ट, मध्यम कंपनी)

चाकण_पीएम
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितोय कारण खरंच अडकलोय. आमची कंपनी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवतो, कायम आणि कंत्राटी धरून साडेतीनशे माणसं. जूनपासून ईआरपीचं, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब सगळं एकाच सिस्टिमवर आणायचं काम चालू आहे, बजेट 1 कोटी 40 लाख, मी प्रोजेक्ट मॅनेजर, गो-लाइव्ह 1 एप्रिल ठरलंय. वर स्टीअरिंग कमिटी आहे, त्यात एमडी, प्लँट हेड, फायनान्स, परचेस, क्वालिटी, स्टोअर्स, एचआर, आयटी आणि इम्प्लिमेंटेशन पार्टनरचा डिलिव्हरी मॅनेजर असे नऊ जण. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मीटिंग.

आता झालं काय, तर आमचा माल हीट ट्रीटमेंटला जातो आणि तिथून कंपनीत न येता परस्पर झिंक प्लेटिंगवाल्याकडे जातो. सिस्टिमचा जो तयार रस्ता आहे त्यात माल आधी आपल्याकडे आत घ्यावा लागतो आणि मग परत बाहेर पाठवावा लागतो. परचेस म्हणालं आम्हाला वेगळी स्क्रीन करून द्या. पार्टनरने सीआर, म्हणजे ठरलेल्या कामात बदलाचा प्रस्ताव दिला, साडेसहा लाख आणि पाच आठवडे. सप्टेंबरच्या मीटिंगला ठेवला तर म्हणाले अजून अभ्यास करा. ऑक्टोबरला परचेस हेड कस्टमरकडे गेलेले, त्यांच्या जागी आलेला मुलगा म्हणाला साहेबांना विचारून सांगतो. नोव्हेंबरला एकदाचं सगळे हो म्हणाले, मिनिट्समध्ये लिहिलं, आणि पुढच्या सोमवारी एमडींनी फायनान्सला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की एवढे पैसे आत्ता नको, थांबवा. पाच आठवड्यांच्या कामावर दहा आठवडे गेले आणि आज डिसेंबर उजाडला तरी आम्ही होतो तिथेच.

चार्टर, म्हणजे प्रोजेक्ट सुरू करतानाचा मंजुरीचा कागद काढून बघितलं तर कमिटीबद्दल एकच ओळ आहे, "कमिटी मार्गदर्शन करेल व महत्त्वाचे निर्णय घेईल". प्रश्न असा की कोरम आणि मतदान लावलं तर हे सुटेल का? तुमच्याकडे कसं करता?

सुहास_ठाणे
हो, कोरम पाहिजेच. नऊपैकी सहा आले तरच मीटिंग, नाहीतर रद्द, आणि बहुमताने जे होईल ते सगळ्यांवर बंधनकारक. शिवाय आरएसीआय तक्ता करून टाका, प्रत्येक कामासमोर कोण जबाबदार ते लिहिलं की वाद राहत नाही. निर्णयांचं रजिस्टर ठेवा, तारीख आणि नाव टाकून. आम्ही हे केलं आणि फरक पडला, निदान "मी असं म्हणालोच नव्हतो" हे तरी बंद झालं.

गोरेगावकर_काका
आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमध्ये अगदी हेच. कमिटीने बिल्डर पसंत केला आणि चार सभासदांनी उठून सगळं बंद पाडलं. शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव आणला, 51 टक्के संमती घेतली, तेव्हा गाडी पुढे सरकली. तेव्हा मतदान घ्याच, सगळ्यांच्या देखत हात वर करायला लावा, मग केबिनमध्ये कोणी काही फिरवू शकत नाही.

मीनल_प
मी 19 वर्षं याच कामात आहे, त्यातली शेवटची आठ मध्यम कंपन्यांचं पीएमओ, म्हणजे प्रोजेक्टांवर देखरेख करणारा विभाग बघण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काका, तुमच्याकडे मतदान बरोबरच आहे, कारण प्रत्येक सभासद त्या इमारतीचा मालक आहे आणि घर त्याचं स्वतःचं जातंय. चाकणच्या कमिटीत तसं नाही. पैसे एकाच खिशातून जातात आणि फायदा झाला नाही तर जाब एकाच माणसाला द्यावा लागतो. तिथे एचआरच्या मताला आणि प्लँट हेडच्या मताला सारखं वजन देऊन हात मोजलेत तर ज्याचं काहीच जाणार नाही त्याचा हातही निर्णायक ठरतो, आणि ज्याला जाब द्यायचाय तो नंतर केबिनमध्ये निर्णय फिरवतो. नोव्हेंबरला तुमच्याकडे तेच झालं. एमडी चुकले असं मला वाटत नाही, पैसे त्यांचे होते आणि त्यांना कोणी नीट विचारलंच नव्हतं.

सुहास, रजिस्टरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण आरएसीआय कामांसाठी ठीक आहे, निर्णयांना तो पुरत नाही. "ईआरपी अंमलबजावणी" या ओळीसमोर प्लँट हेडचं नाव लिहिलं म्हणून साडेसहा लाख कोण मंजूर करणार ते कळत नाही. तक्ता निर्णयांचा हवा: पैसे किती, तारीख किती सरकली, कामाची पद्धत कोणती, आणि प्रत्येकासमोर एकच नाव. दोन नावं आली की ती ओळ मेली असं समजा.

कमिटीत मला तीन बाजू लागतात. एक स्पॉन्सर, ज्याला फायदा मिळवून दाखवायचाय आणि ज्याचा शब्द शेवटचा. दुसरी बाजू वापरणाऱ्यांची, तुमच्याकडे प्लँट, परचेस आणि स्टोअर्स मिळून त्यांच्या वतीने एकच माणूस. तिसरी बनवून देणाऱ्यांची, म्हणजे आयटी, आणि काही वेळ पार्टनर. फायनान्सला मी चौथी खुर्ची देते कारण कर आणि ताळेबंद त्यांच्या गळ्यात असतो. बाकीच्यांना वगळायचं असं नाही, त्यांना आधी विचारायचं. बाकीचे स्पॉन्सरला सल्ला देतात, अडवून धरत नाहीत.

चाकण_पीएम, मला एक सांगा, सप्टेंबरच्या मीटिंगला तुम्ही नक्की काय ठेवलं होतं? कागद कसा होता?

चाकण_पीएम
मॅडम, पार्टनरचं 22 स्लाइडचं प्रेझेंटेशन होतं. शेवटच्या स्लाइडवर खर्च आणि "कृपया निर्णय द्यावा".

मीनल_प
मग "अजून अभ्यास करा" हे उत्तर ठरलेलंच होतं. अनोळखी विषयावर 22 स्लाइड बघून कोणीही शहाणा माणूस असंच म्हणेल. एका पानाचा कागद करा आणि मीटिंगच्या चार दिवस आधी हातात द्या. त्यावर प्रश्न एका वाक्यात, पर्याय तीन किंवा चार, प्रत्येकाचे पैसे आणि दिवस, कोणत्या तारखेपर्यंत ठरलं नाही तर काय होईल, आणि खाली तुमची स्वतःची शिफारस. शिफारस नसेल तर मी कागद परत पाठवते. रोज त्या कामात तुम्ही आहात, ते नाहीत.

तुमचीच केस घेऊ. रोज अशी परस्पर जाणारी चलनं किती?

चाकण_पीएम
साधारण 40.

मीनल_प
बरं. पहिला पर्याय, स्क्रीन करणं, साडेसहा लाख आणि पाच आठवडे. दुसरा, सिस्टिमच्या तयार रस्त्याने कागदावरच माल आत घेणं आणि परत बाहेर काढणं, म्हणजे चलनामागे दोन जादा एंट्री. एंट्रीला तीन मिनिटं धरली तर 80 एंट्रींना 240 मिनिटं, रोजचे चार तास, म्हणजे स्टोअर्समधला एक माणूस अर्धा दिवस त्यालाच लागतो. तिसरा, माल खरोखर कंपनीत आणून परत पाठवणं, त्यात गाडीभाडं आणि एक दिवस वाया. चौथा, गो-लाइव्ह तयार रस्त्यानेच करायचं, एवढी एकच वाट दोन-तीन महिने एक्सेलवर सांभाळायची आणि स्क्रीन खरंच हवी का ते नंतर बघायचं.

आता लक्षात येईल की यात प्रश्न दोन आहेत. काम कोणत्या पद्धतीने व्हावं हा एक, आणि त्यासाठी आत्ता पैसे घालावेत का हा दुसरा. पहिला ज्याची ती प्रोसेस आहे त्याने सोडवायचा, दुसरा स्पॉन्सरने. तुम्ही दोन्ही एकाच मोटेत बांधून नऊ जणांपुढे टाकलेत, त्यामुळे कोणी पद्धतीवर बोललं, कोणी पैशावर, आणि उत्तर कशालाच मिळालं नाही.

जमाखर्च
मी फायनान्समधली. दुसऱ्या पर्यायाबद्दल माझं म्हणणं ऐकून घ्या, तो स्वस्त दिसतो पण मी त्यावर सही करणार नाही. माल आलेला नसताना आवक दाखवली की सिस्टिमचा साठा आणि जागेवरचा साठा जुळत नाही, ऑडिटर आले की सगळ्यात आधी तेच पकडतात. आणि गरजच काय? एका जॉब वर्करकडून दुसऱ्याकडे माल परस्पर जाऊ शकतो, जीएसटीत त्याला मनाई नाही, चलन आपण काढावं किंवा पाठवणाऱ्या जॉब वर्करने काढावं. फक्त कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, आणि ते वर्ष पहिल्यांदा बाहेर पाठवल्यापासून मोजतात, प्लेटिंगला गेल्यापासून नाही. जीएसटीच्या आयटीसी-04 या फॉर्ममध्ये हे सगळं दाखवावं लागतं, उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी. खोट्या आवक-जावक एंट्रींनी ती पहिली तारीखच हरवते.

दुसरं एक, मीनलताईंनी सांगितलं नाही म्हणून लिहिते. स्पॉन्सर कोणालाही केलंत तरी अधिकार वाटपाच्या तक्त्यात, ज्याला सगळे डीओए म्हणतात, त्याची सहीची मर्यादा किती ते आधी बघा. आमच्याकडे कमिटीने आठ लाखांचा सीआर पास केला, मिनिट्सवर सगळ्यांच्या सह्या, आणि पीओची, म्हणजे खरेदी ऑर्डरची दुरुस्ती माझ्या टेबलावर तीन आठवडे पडून राहिली, कारण स्पॉन्सरची मर्यादा तीन लाखांची होती. डीओएमध्ये कमिटीचं नावही नव्हतं. तिच्या मिनिट्सवर मी पैसे सोडूच शकत नव्हते, लोकांना वाटलं मी मुद्दाम अडवतेय.

मीनल_प
हे अगदी महत्त्वाचं सांगितलंत, मी विसरले होते. मर्यादा डीओएशी जुळवूनच लिहायच्या.

माझ्या हिशेबाने तुमच्या आकाराला अशा मर्यादा बसतील, आकडे तुम्ही बदला. एका सीआरला दोन लाखांपर्यंत आणि सगळे मिळून सात लाखांपर्यंत प्रोजेक्ट मॅनेजरने कोणाला न विचारता करावं, फक्त कळवावं. मधला टप्पा दहा दिवस सरकला आणि गो-लाइव्ह हलत नसेल तर तेही त्याच्याकडेच. त्याच्या वर, बजेटच्या दहा टक्के राखीव धरलेले 14 लाख संपेपर्यंत आणि गो-लाइव्ह एक महिन्यापर्यंत सरकत असेल तर स्पॉन्सर. त्याही वर एमडी. या हिशेबाने तुमचा साडेसहा लाखांचा सीआर स्पॉन्सरकडे जातो. त्याने पाच दिवसांत उत्तर द्यायचं, महिन्याच्या गुरुवारची वाट बघायची नाही. फोनवर सल्ला घेऊन ठरवता येतं, पुढच्या मीटिंगला फक्त वाचून दाखवायचं.

आणि मर्यादा ओलांडल्यावर धावायचं नाही. ओलांडणार असा अंदाज दिसला की त्याच दिवशी वर जायचं. सात लाखांपैकी पाच गेले आणि तीन लाखांचे सीआर रांगेत आहेत, तर वर जायची वेळ आजच आली, बिल आल्यावर नव्हे. पुष्कळ पीएम इथे गप्प बसतात कारण वर जाणं म्हणजे अपयश वाटतं. मर्यादा लिहून दिलेली असली की तसं वाटत नाही, वर जाणं हा कामाचाच भाग होतो.

पार्टनरबाजूचा
मी तुमच्या टेबलाच्या पलीकडे बसतो, इम्प्लिमेंटेशन कंपनीत. आमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून सांगतो. निर्णय होत नाही तेव्हा माझे दोन कन्सल्टंट तुमच्या साइटवर बसून असतात. ठरावीक रकमेचं काँट्रॅक्ट असलं तर तो तोटा माझा, दिवसावर बिल असलं तर तुमचा, पण कुणाचा तरी होतोच. मीनल मॅडम, पार्टनरला "काही वेळ" बसवा म्हणालात, ते मला पटत नाही. सीआरच्या निर्णयावेळी आम्ही बाहेर असलो की आमच्या पाठीमागे आमच्या पाच आठवड्यांचे कोणीतरी तीन करतं, तसं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. मग तारीख चुकली की दोष आम्हाला.

मीनल_प
दादा, दिवसांची चर्चा तुमच्यासमोरच व्हावी, हे मान्य. पण साडेसहा लाख द्यायचे का यावर ज्याला ते मिळणार तोच खोलीत असला की आमची माणसं मोकळं बोलत नाहीत, हेही मी पाहिलंय. म्हणून पहिला अर्धा तास तुमच्यासकट, मग तुम्ही बाहेर.

पार्टनरबाजूचा
तेच मला खटकतं. पण असो, हे तुमच्या-माझ्यात सुटणार नाही.

यूकेतून_अनघा
मी ब्रिटनमध्ये स्थानिक कौन्सिलच्या प्रोजेक्टवर काम करते. इथे प्रिन्स2 ही प्रोजेक्ट चालवायची पद्धत घरच्यासारखी झालीय, तिचा उगम इथल्या सरकारी कामातला, 1996 पासून. त्यात प्रोजेक्ट बोर्डवर पुरवठादाराच्या बाजूची जागा असतेच, त्यामुळे पार्टनरबाजूच्या दादांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. पण त्याच पद्धतीत शेवटचा शब्द एक्झिक्युटिव्हचा असतो, बाकी दोघं, वापरणाऱ्यांचा आणि पुरवठादाराचा माणूस, त्याला सल्ला देतात. आमच्याकडे पुरवठादाराच्या जागेवर बऱ्याचदा कौन्सिलचा स्वतःचा आयटी प्रमुख बसतो, बाहेरची कंपनी त्याच्यामार्फत बोलते. तुम्हाला तो मधला मार्ग बघता येईल.

फौंड्री_कोल्हापूर
सगळं वाचलं. ताई म्हणतात ते कागदावर बरोबर, पण मालक चालवतात त्या कंपनीत मर्यादा लिहिल्या म्हणून मालक गप्प बसत नाही. आमच्याकडे स्पॉन्सर नेमला, पत्र दिलं, आणि पंधरा दिवसांत मालकांनी फोन करून एक मॉड्यूल काढून टाकलं. मी मग एकच केलं, दर सोमवारी सकाळी नऊला त्यांच्याबरोबर चहाला वीस मिनिटं. येत्या आठवड्यात कोणते निर्णय होणार ते आधीच सांगायचं. नाही म्हणायचं असेल तर तिथेच म्हणतात. मीटिंगनंतर फिरवणं बंद झालं. चार्टरपेक्षा मला ते वीस मिनिट कामाचे वाटतात.

मीनल_प
तुमची सोमवारची वीस मिनिटं मी मोडीत काढणार नाही, पण ती तुमच्यावर उभी आहेत. उद्या तुम्ही आजारी पडलात किंवा नोकरी बदललीत तर पुढच्याला काय? मी एमडींना कमिटीतून बाहेर काढते आणि वर ठेवते. त्यांच्याकडे तीन गोष्टी राहतात: बजेटच्या वरचे पैसे, गो-लाइव्ह महिन्याहून जास्त सरकवणं, आणि प्रोजेक्ट बंद करणं. बाकी स्पॉन्सरचं, आणि ते पत्र एमडींच्याच सहीने जायला हवं. त्यानंतरही त्यांनी फिरवलं तर तो निर्णय त्यांच्या नावाने रजिस्टरमध्ये जातो, त्यामुळे झालेल्या दिवसांसकट. हे न बोलता केलेलं बरं, दोनदा लिहिलं की पुढच्या वेळी ते आधी विचारतात.

फौंड्री_कोल्हापूर
तुमच्या एमडींना ते चाललं असेल. आमच्याकडे रजिस्टरच दुसऱ्या दिवशी गायब होईल. ज्याने त्याने आपला माणूस ओळखून ठरवावं.

सुहास_ठाणे
मीनल मॅडम, म्हणजे कोणालाच नकाराधिकार नाही? गो-लाइव्हलासुद्धा? स्पॉन्सर उतावीळ असला तर?

मीनल_प
चांगला प्रश्न. तिथे मी नियम बदलते. गो-लाइव्हच्या सहा आठवडे आधी अटी लिहून ठेवायच्या आणि प्रत्येक अटीला एक मालक. सुरुवातीचा साठा आणि जमाखर्च जुळला का, हे फायनान्स सांगणार. ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल चाचणीत निघाली का, तेही फायनान्स. शॉप फ्लोअरवर तिन्ही पाळ्यांत एंट्री करणारे शिकले का, हे प्लँट. आपापल्या अटीवर "नाही" म्हणायचा हक्क त्यांना आहे आणि तो स्पॉन्सरने ओलांडायचा नाही, ओलांडायचा असेल तर एमडींकडे जायचं. पण आदल्या दिवशी नवी अट काढता येणार नाही.

चाकण_पीएम
तीन आठवड्यांनी परत येतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते सांगतो.

प्लँट हेडना स्पॉन्सर केलं. एमडींच्या सहीचं पत्र निघालं, डीओएमध्ये या प्रोजेक्टपुरती त्यांची मर्यादा दहा लाख केली, त्यासाठी फायनान्सच्या मॅडमनीच पुढाकार घेतला. सोमवारचा चहाही चालू केलाय, दोन्ही करून बघतोय. जॉब वर्कचा एका पानाचा कागद केला, चार पर्याय, चौथ्याची शिफारस, आणि चार दिवसांत निर्णय आला.

पण एक गोष्ट माझ्याकडून जवळजवळ सुटली होती ती सांगायलाच हवी. नऊवरून चार केल्यावर क्वालिटी हेड कमिटीतून गेले आणि ते नाराज झाले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, तुझ्या एक्सेलमध्ये हीट ट्रीटमेंटचा बॅच नंबर कुठेय? मी उघडून दाखवलं, तर कॉलमच नव्हता. चलन नंबर होता, नगसंख्या होती, तारीख होती. ते म्हणाले प्लेटिंगहून आलेल्या एका क्रेटमध्ये दोन हीट बॅचचा माल मिसळला आणि कस्टमरची तक्रार आली तर मी कोणता माल थांबवू? दहा महिन्यांपूर्वी असंच झालेलं, तेव्हा सगळा लॉट परत बोलवावा लागला होता. त्यांनी हे सप्टेंबरच्या मीटिंगमध्येही सांगितलेलं, मी मिनिट्स काढून बघितली, "क्वालिटीने ट्रेसेबिलिटीचा मुद्दा मांडला" अशी अर्धी ओळ आहे. पुढे त्याचं कोणी काहीच केलं नाही.

मग निर्णय तसाच राहिला पण कॉलम वाढवला, हीट बॅच नंबर लिहिल्याशिवाय प्लेटिंगला चलन निघणार नाही असं हीट ट्रीटमेंटवाल्याला कळवलं. आणि तक्त्यात एक ओळ वाढली, ट्रेसेबिलिटीला हात लावणारा कोणताही बदल असेल तर कागद स्पॉन्सरकडे जाण्याआधी क्वालिटीची सही. कमिटीत ते नाहीत, पण त्यांच्या सहीशिवाय तो कागद पुढे जात नाही.

पार्टनरचं अजून ठरलं नाही. सध्या अर्धा तास बसतात. एचआरवाले अजून नाराज आहेत, त्यांच्या ट्रेनिंगचा विषय कोणाकडे न्यायचा हे मलाही नीट सुचत नाहीये.

मीनल_प
क्वालिटीचं ऐकून बरं वाटलं, आणि मी चार खुर्च्या सांगितल्या तेव्हा त्यांचा विचार केला नव्हता, हे कबूल. एचआरला ट्रेनिंगची अट द्या, वर लिहिलेल्या तिन्ही पाळ्यांच्या अटीची. ती मी प्लँटकडे ठेवली होती, पण हजेरी आणि पाळ्यांच्या याद्या त्यांच्याकडेच असतात ना?

चाकण_पीएम
हो, याद्या त्यांच्याकडेच. कंत्राटी माणसांच्या तर फक्त त्यांच्याकडे. उद्याच बोलतो.